पाच लाखांचा जादा खर्च नेमका कुणाचा?

महिना संपला की सात-आठ तारखेच्या सुमारास फायनान्सकडून विभागप्रमुखांना एक तक्ता येतो. डावीकडे खर्चाची नावं, मग बजेट, मग प्रत्यक्ष झालेला खर्च आणि शेवटी दोहोंतली तफावत. तफावत ठरलेल्या टक्क्यांच्या वर गेली की ती ओळ लाल. सोबतच्या मेलमध्ये लिहिलेलं असतं, लाल ओळींचा खुलासा उद्यापर्यंत पाठवावा. तक्ता उघडणारा माणूस बहुतेक वेळा इंजिनिअर असतो, नाहीतर गोदाम किंवा एचआर सांभाळणारा. अकाउंट्स तो कधी शिकलेला नसतो. ‘उत्पादन वाढल्यामुळे खर्च वाढला’ असं एक वाक्य लिहून तो मोकळा होतो, फायनान्सवाले ते वाक्य शेऱ्याच्या रकान्यात टाकून वर पाठवतात आणि विषय पुढच्या महिन्यापर्यंत मिटतो.

कॉस्टिंगचं काम करणाऱ्या कुणालाही हे वाक्य चांगलं ओळखीचं आहे. ते खोटं नसतं, पण अर्धवट असतं, आणि उरलेल्या अर्ध्यात पैसे गळत असतात. ती गळती शोधायला लागणारं गणित म्हणजे गुणाकार आणि वजाबाकी. अडतं ते दुसरीकडे. तक्त्यातला आकडा ईआरपीत कुठून येतो, कधी येतो आणि कशाशी ताडून बघायचा असतो, हे विभागप्रमुखाला कुणी बसवून सांगितलेलंच नसतं.

वाहनांचे सुटे भाग बनवणारा चाकण परिसरातला एखादा मध्यम कारखाना डोळ्यांसमोर आणा. त्यातला हीट ट्रीटमेंट विभाग, म्हणजे गिअर आणि शाफ्ट भट्टीत तापवून कडक करण्याचं काम, आपण उदाहरणाला घेऊ. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी गोल धरले आहेत. ईआरपी सॅप आहे असं मानू. ओरॅकल किंवा मायक्रोसॉफ्ट डायनॅमिक्स असेल तर पडद्यावरची नावं बदलतील, पैशाची वाट साधारण तीच राहील.

सॅपमध्ये हा विभाग म्हणजे एक कॉस्ट सेंटर. खर्चाच्या प्रत्येक नोंदीवर तीन गोष्टी असतात : खर्च कशाचा, म्हणजे खातं; खर्च कुणाचा, म्हणजे कॉस्ट सेंटर; आणि कोणत्या महिन्याचा, म्हणजे पिरियड. आपल्याकडे आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणून पिरियड १ म्हणजे एप्रिल आणि पिरियड ६ म्हणजे सप्टेंबर. रिपोर्ट काढताना ‘६’ टाकून जूनचे आकडे समजून वाचणारे लोक असतात आणि त्यांची सगळी चर्चा तीन महिने चुकीच्या जागी होते. तेवढं आधी तपासावं.

आता पिरियड ६ उघडू. S_ALR_87013611 हा कॉस्ट सेंटरचा नेहमीचा रिपोर्ट प्रत्यक्ष खर्च, बजेट आणि तफावत शेजारी शेजारी दाखवतो. विजेच्या ओळीत बजेट २१,६०,००० रुपये, प्रत्यक्ष २७,०९,४०० रुपये, तफावत ५,४९,४०० रुपये. पंचवीस टक्क्यांहून जास्त. ओळ लाल.

बजेटचा आकडा कसा बांधला होता ते बघितल्याशिवाय या साडेपाच लाखांचं काहीच करता येत नाही. महिन्याला ४०० टन माल, टनाला ६०० युनिट वीज आणि युनिटला ९ रुपये दर असा तो गुणाकार होता. सप्टेंबरमध्ये प्रत्यक्षात माल निघाला ४६० टन, वीज लागली २,८५,२०० युनिट आणि दर पडला साडेनऊ रुपये. म्हणजे तिन्ही गोष्टी बदलल्या, आणि तक्त्याने तिघींचा परिणाम एकाच आकड्यात कोंबला.

तो सोडवायची पद्धत अशी, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी फक्त टन बदला. ४६० टनांना जुन्याच हिशेबाने २,७६,००० युनिट लागायला हवे होते, म्हणजे २४,८४,००० रुपये. मूळ बजेटपेक्षा हे ३,२४,००० नी जास्त आहेत. हा भाग जादा उत्पादनाचा, त्यासाठी कुणाला जाब विचारायचं कारण नाही. मग युनिट बदला. लागायला हवे होते २,७६,०००, लागले २,८५,२००. जादा ९,२०० युनिट, बजेटच्या नऊ रुपयांनी ८२,८०० रुपये. हा वापरातला फरक. शेवटी दर बदला. २,८५,२०० युनिटांवर प्रत्येकी पन्नास पैसे जादा म्हणजे १,४२,६०० रुपये. तिन्ही मिळवले की ५,४९,४०० बरोबर जुळतात. जुळले नाहीत, तर कुठेतरी दोन गोष्टी एकदम बदलल्या गेल्या आहेत असं समजावं.

बहुतेक कंपन्यांमध्ये हिशेब इथेच थांबतो. जादा उत्पादनाचे सव्वातीन लाख माफ, दराचे पैसे वीज कंपनीच्या नावावर आणि वापराचे ८२,८०० तर बजेटच्या चार टक्केसुद्धा नाहीत. विभागप्रमुख सुटला. इथेच खरं तर मान वर करून भट्टीकडे बघायला हवं.

भट्टी रिकामी असली तरी तापलेली ठेवावी लागते. माल असो वा नसो, ती गरम ठेवण्यातच महिन्याला समजा ६०,००० युनिट जातात. ते टनांवर अवलंबून नाहीत. त्यावर प्रत्येक टनाला प्रत्यक्ष लागतात ४५० युनिट. ४०० टनांचा हिशेब केला तर ६०,००० अधिक १,८०,००० असे २,४०,००० युनिट होतात, म्हणजे टनाला ६०० बरोबर येतात. बजेट चुकीचं नव्हतं. पण ४६० टनांना ६०,००० अधिक २,०७,००० असे २,६७,००० युनिटच पुरायला हवे होते, टनाला ५८० च्या आसपास. माल वाढला की स्थिर वीज जास्त टनांवर वाटली जाते आणि टनामागचा आकडा खाली यायला हवा. आपल्या विभागात तो ६२० वर गेला आहे.

म्हणजे जादा वापर ९,२०० युनिटांचा नसून १८,२०० युनिटांचा आहे, रुपयांत १,६३,८००. आधीच्या हिशेबापेक्षा जवळपास दुप्पट. उत्पादनवाढीचा वाजवी वाटा ३,२४,००० वरून २,४३,००० वर येतो. एकूण तफावत एका रुपयाने बदललेली नाही, पण ‘उत्पादन वाढलं म्हणून’ या वाक्याच्या आड ८१,००० रुपये लपले होते ते बाहेर आले.

हे सॅपलाही करता येतं, फक्त त्याला आधी सांगितलेलं असावं लागतं. बजेट भरण्याच्या KP06 या पडद्यावर स्थिर खर्च आणि बदलता खर्च असे वेगळे रकाने असतात. त्यासाठी विभागाचं काम मोजणारं माप, इथे टन, आधी बसवलेलं हवं. ते असलं की सॅप प्रत्यक्ष टनांनुसार बजेट पुन्हा मांडतं. स्थिर भाग तसाच ठेवतं, बदलता भाग टनांच्या प्रमाणात वाढवतं. या फिरत्या बजेटला तिथे टार्गेट म्हणतात आणि S_ALR_87013625 हा रिपोर्ट प्रत्यक्ष खर्च त्या टार्गेटशी ताडतो. सगळी वीज स्थिर रकान्यात टाकली असेल तर टार्गेट मूळ बजेटइतकंच राहील आणि उत्पादन वाढलेला प्रत्येक महिना लाल दिसेल. सगळी बदलत्या रकान्यात टाकली असेल तर वरच्या पहिल्या हिशेबातली चूक दर महिन्याला आपोआप होत राहील. भट्टी रिकामी असताना किती वीज खाते, हे फायनान्सला माहीत असायचं कारण नाही. ते विभागप्रमुखालाच माहीत असतं, आणि बजेटच्या वेळी त्यानेच सांगायचं असतं. माहीत नसेल तर सोपा उपाय आहे : ज्या रविवारी माल टाकत नाहीत, त्या दिवशी भट्टीच्या सबमीटरचं सकाळचं आणि दुसऱ्या दिवसाचं रीडिंग घ्यावं.

आता १८,२०० युनिट गेले कुठे? याचं उत्तर ईआरपीत नाही, शॉपफ्लोअरवर आहे. भट्टीच्या दाराचं सील गेलं असेल. आतलं अस्तर झिजलं असेल, तर बाहेरचं पत्रं नेहमीपेक्षा जास्त तापलेलं लागेल. किंवा तातडीच्या ऑर्डरी काढायला अर्धी भरलेली भट्टी चालवली असेल, आणि ते बॅचच्या नोंदवहीत किलोंवरून लगेच दिसेल. पहिल्या दोन कारणांत दुरुस्ती हवी. तिसऱ्यात उत्पादन नियोजनाशी बोलायला हवं. खुलाशाच्या रकान्यात ही तीन वेगवेगळी वाक्यं होतात आणि तिन्हींवर वेगवेगळी कारवाई होते.

दराच्या १,४२,६०० बद्दलही सरसकट हात वर करता येत नाहीत. महावितरणच्या औद्योगिक बिलात वीज आकाराबरोबर मागणी आकार असतो, इंधन समायोजन आकार असतो आणि दिवसाच्या वेळेनुसार दर कमी-जास्त होतो. इंधन समायोजन वाढलं तर विभागाच्या हातात काही नाही. पण दोन भट्ट्या एकदम चालू करून करारातली मागणी ओलांडली, किंवा महाग वेळेत जास्त काम केलं, तर त्याचा बोजाही युनिटच्या सरासरी दरातच दिसतो. म्हणून दराची तफावत मोठी असेल तर फायनान्सकडून बिलाची प्रत मागवून घ्यावी आणि कोणता आकार वाढला ते बघावं. पाच मिनिटांचं काम आहे.

लाल ओळींवर सगळ्यांची नजर असते. मला जास्त धास्ती हिरव्या ओळींची वाटते. याच विभागाची दुरुस्तीची ओळ घ्या. बजेट ३,००,०००, प्रत्यक्ष ४०,०००. तक्ता म्हणतो, २,६०,००० वाचले. बैठकीत विजेच्या तोट्यातून हे वजा करून ‘निव्वळ फरक तसा कमी आहे’ असंही कुणी म्हणून टाकतं.

घडलेलं असं असतं. भट्टीचं अस्तर बदलायची २,५०,००० रुपयांची ऑर्डर ऑगस्टमध्ये काढली होती. २४ सप्टेंबरला ठेकेदाराने काम संपवलं. पण सेवेच्या ऑर्डरीवर खर्च बसतो तो विभागाने सर्व्हिस एंट्री शीट भरून मंजूर केल्यावर, सॅपमध्ये ML81N या पडद्यावर. ती भरायची राहिली. काम झालं, भट्टी चालू आहे, ठेकेदार पैशांची वाट बघतो आहे, आणि ईआरपीच्या लेखी सप्टेंबरमध्ये काहीच घडलेलं नाही. ऑर्डर दिलेली पण खर्ची न पडलेली ही रक्कम कमिटमेंट म्हणून वेगळी साठलेली असते. वर सांगितलेल्या पहिल्या रिपोर्टात ती दिसत नाही. S_ALR_87013620 मध्ये प्रत्यक्ष खर्च, बजेट आणि कमिटमेंट एकत्र दिसतात. तिथे प्रत्यक्ष ४०,००० आणि कमिटमेंट २,५०,००० बघितले की वाचलेले पैसे १०,००० वर येतात.

एंट्री ऑक्टोबरमध्ये झाली की हाच खर्च ऑक्टोबरच्या गळ्यात पडतो. त्या महिन्यातली दुरुस्ती वेगळीच. मग ऑक्टोबर लाल होतो आणि विभागप्रमुखाला कळत नाही, की या महिन्यात आपण एवढं काय केलं. हा वेळेचा फरक. पैसे वाचलेही नाहीत आणि जादा गेलेही नाहीत, फक्त चुकीच्या महिन्यात नोंदले गेले. वर्षाच्या शेवटी तो आपोआप मिटतो, मात्र मार्चमध्ये झाला तर मिटत नाही. मार्चचं काम एप्रिलमध्ये नोंदलं, की एका वर्षाचा नफा फुगतो, दुसऱ्याचा खाली जातो, आणि ऑडिटर नेमकं तेच शोधत असतात.

यावरचा उपाय फायनान्सकडे तरतुदीच्या रूपात असतो. काम झालं, बिल किंवा एंट्री राहिली, असं विभागाने महिनाअखेरीला कळवलं तर ते ३० तारखेला अंदाजे रकमेची तरतूद टाकतात आणि १ तारखेला तीच उलटवतात. वीजबिलाचंही बऱ्याचदा असंच होतं, कारण बिल पुढच्या महिन्यात येतं. ही उलट नोंद माहीत नसली की मात्र गोंधळ उडतो. सप्टेंबरची २,५०,००० ची तरतूद १ ऑक्टोबरला उलटली आणि ऑक्टोबरभर खरी एंट्री आलीच नाही, तर दुरुस्तीच्या ओळीत उणे रक्कम दिसते. खर्चाच्या ओळीत उणे आकडा दिसला की पहिला संशय याचाच घ्यावा.

कधीकधी खर्च महिना बरोबर धरतो आणि घर चुकतो. स्टोअरमधून बेअरिंग काढताना शेजारच्या मशिन शॉपचा कॉस्ट सेंटर नंबर पडला, कारण गेल्या वेळची स्लिप समोर होती. हे बेरजेच्या तक्त्यात कधीच सापडत नाही. त्यासाठी KSB1 मध्ये आपल्या कॉस्ट सेंटरच्या एकेक नोंदी बघाव्या लागतात : तारीख, खातं, रक्कम, ऑर्डर नंबर, आणि नोंद कुणी केली. आपल्या विभागात न आलेला माल तिथे ओळखीचा वाटत नाही, तो लगेच खटकतो. आपला हरवलेला खर्च मात्र दुसऱ्याच्या यादीत असतो, म्हणून शेजारच्या विभागप्रमुखाशी महिन्यातून एकदा दोन मिनिटं बोलणं उपयोगी पडतं. पिरियड बंद व्हायच्या आत सांगितलं तर दुरुस्ती त्याच महिन्यात होते. बंद झाल्यावर ती पुढच्या महिन्यात बसते आणि आणखी दोन ओळी बिघडवते.

या सगळ्यानंतर सप्टेंबरचा खुलासा कसा लिहायचा? साधारण असा : ‘विजेत ५.४९ लाख जादा. ६० टन जादा उत्पादनाचे २.४३ लाख. दराचे १.४३ लाख, बिल तपासतो आहोत. जादा वापराचे १.६४ लाख, अस्तर झिजल्यामुळे. अस्तर २४ तारखेला बदललं, ऑक्टोबरमध्ये टनामागचे युनिट ५८० च्या आसपास यायला हवेत. दुरुस्तीत दिसणारी बचत खरी नाही, २.५० लाखांची एंट्री ऑक्टोबरमध्ये येईल.’ यात विजेची आणि दुरुस्तीची गोष्ट एकमेकींना जोडली गेली. झिजलेल्या अस्तराने वीज खाल्ली आणि ते बदलायचा खर्च दुसऱ्या ओळीत लपून बसला होता. तक्ता दोन ओळी वेगळ्या दाखवतो. त्या जोडणारा माणूस विभागातच असतो, फायनान्समध्ये नाही.

या खुलाशात आणखी एक गुण आहे. पुढच्या महिन्यात तो तपासता येतो. ऑक्टोबरमध्ये उत्पादन तेवढंच असून टनामागचे युनिट ६१५ वर राहिले, तर अस्तर हे कारण नव्हतं किंवा एकटंच नव्हतं, आणि शोध पुन्हा सुरू करायचा. तफावतीचं कारण खरं होतं की नाही, हे ठरवायला दुसरा मार्ग नाही.

मर्यादाही माहीत असाव्यात. टन हे माप सगळ्या विभागांना चालत नाही. जड शाफ्ट आणि बारीक गिअर यांना टनामागे लागणारी वीज सारखी नसते, त्यामुळे मालाचं मिश्रण बदललं तर भट्टी ठणठणीत असूनही वापराची तफावत येईल. अशा वेळी भट्टीचे तास हे माप जास्त प्रामाणिक ठरतं. एचआर, सुरक्षा, प्रशासन अशा विभागांत तर कामाचं एकच माप काढण्याचा अट्टहास करूच नये. तिथे ठरलेली रक्कम आणि वेळेचा फरक एवढंच बघितलं तरी पुरतं. आणि पाच-सात हजारांच्या तफावतींवर टिपणं मागण्याची पद्धत काही कंपन्यांत आहे, ती बंद व्हावी. त्यात लोकांचा वेळ जातो आणि मोठ्या ओळींवरचे खुलासेही तेवढ्याच घाईने लिहिले जातात.

बजेटच्या काळात फायनान्स एक्सेलचा फॉर्म पाठवतं, त्यात गेल्या वर्षाचा आकडा असतो आणि शेजारी नवीन रकमेचा रकाना. बहुतेक जण गेल्या वर्षावर दहा टक्के चढवतात आणि बारा महिन्यांत सारखे वाटून देतात. भट्टीची वार्षिक दुरुस्ती दिवाळीच्या सुट्टीत होणार हे माहीत असूनही ती बारा तुकड्यांत विभागली जाते. मग अकरा महिने खोटी बचत दिसते आणि एक महिना खोटा तोटा. असं बजेट मंजूर होतं, पण वर्षभर त्याच्याशी काहीही ताडून बघता येत नाही, कारण रकमेच्या मागे किती टन, किती युनिट आणि कोणता दर धरला होता हे कुठेच लिहिलेलं नसतं.

विभागप्रमुखांना म्हणून एवढीच विनंती. येत्या बजेटचा फॉर्म आला की रकमेसोबत ही तीन गृहीतकं लिहून द्या, रिकामी भट्टी किती वीज खाते ते मोजून द्या, मोठी दुरुस्ती ज्या महिन्यात होणार त्याच महिन्यात टाका, आणि फायनान्सला सांगा की KP06 मध्ये स्थिर आणि बदलता भाग वेगळा भरा. दर महिन्याच्या २५ तारखेला आपल्या कॉस्ट सेंटरच्या उघड्या ऑर्डरी बघा आणि झालेल्या कामांच्या एंट्री त्याच आठवड्यात उरकून घ्या.